मांडलेली पानं एकत्र कशी वाचतो: आमच्या टॅरो ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे पहिल्यांदा येणारे बरेच जण पान उलटलं की लगेच बोट ठेवतात: "याचा अर्थ काय?" मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. पाच पानांचे पाच अर्थ ऐकून ते घरी जातात आणि रात्री आम्हाला फोन करतात, की एक पान चांगलं म्हणतंय, दुसरं वाईट म्हणतंय, मग धरायचं काय? गेल्या महिन्यात धरणगावच्या एक आजी नातीबरोबर आल्या होत्या. त्या पहिल्यालाच म्हणाल्या, "एकेक नको, बठ्ठं एकदम सांगा." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. हे पत्रक त्यासाठीच आहे.

आम्ही रायडर-वेट-स्मिथ हा संच वापरतो. तो 1909 साली लंडनला निघाला आणि त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली. त्याआधीच्या बहुतेक संचांत साध्या पानांवर नुसते सहा पेले किंवा आठ नाणी असत, आपल्या पत्त्यांसारखीच. या संचात साध्या पानांवरही प्रसंग आहेत. कोणी चाललंय, कोणी बसलंय, कोणी पाठ फिरवून उभं आहे. म्हणून खाली माणसांच्या तोंडाच्या दिशेबद्दल जे लिहिलंय ते या संचाला आणि त्याच्या धर्तीवर काढलेल्या संचांनाच लागू पडतं.

एकूण 78 पानं. त्यांतली 22 मोठी, म्हणजे मेजर अर्काना. उरलेली 56 चार रंगांची. हे रंग तुम्हाला अनोळखी नाहीत. कप म्हणजे आपलं बदाम, तलवारी म्हणजे इस्पिक, काठ्या म्हणजे किल्वर आणि नाणी म्हणजे चौकट, अशी जोडी बहुतेक वाचक लावतात. प्रत्येक रंगात एक्का ते दश्शी, आणि वर गुलाम, राणी, राजा यांच्या जोडीला एक घोडेस्वार जास्तीचा. कपात मन आणि नाती, तलवारीत विचार आणि वाद, काठ्यांत उमेद आणि धडपड, नाण्यांत पैसा, शेत, घर आणि हाताचं काम. एवढं लक्षात असलं तरी पुढचं समजतं.

पानं मांडून झाली की आम्ही मिनिटभर काहीच बोलत नाही. ग्राहकांना वाटतं, काहीतरी वाईट निघालं. तसं नसतं. त्या वेळात आम्ही मोजत असतो: कुठला रंग जास्त आलाय, कुठला आकडा परत आलाय, आणि माणसं कुणाकडे बघतायत. एकट्या पानाचा अर्थ त्यानंतर.

मोजण्यातच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. एखादी गोष्ट दोनदा दिसली की ती खूण वाटते. पण दहा पानांची मांडणी असेल आणि राजा, राणी वगैरेही आकड्यांतच धरले, तर एकाच आकड्याची एखादी जोडी बहुतेक वेळा येतेच, आणि मोठी पानं सरासरी तीनाच्या आसपास असतात. त्यामुळे दहात दोन छक्क्या आल्या किंवा तीन मोठी पानं आली, तर आम्ही तिकडे मुद्दाम लक्ष वेधत नाही. एकाच आकड्याची तीन पानं मात्र अकरा-बारा मांडण्यांत एखाद्याच वेळी येतात. तिथे थांबून बघावं लागतं. पाच पानांच्या मांडणीत हिशेब वेगळा. तिथे आकड्याची जोडी साधारण चार वेळांतून एकदा दिसते, आणि एकाच रंगाची तीन पानं सहा-सात मांडण्यांतून एकदा. पाचांत एखादा रंग अजिबात नसणं ही तर अगदी रोजची गोष्ट आहे, म्हणून "माझ्यात कपच नाहीत, म्हणजे घरात प्रेम नाही का?" असं विचारत काळजीत पडू नका. दहात एखादा रंग पूर्ण गायब असेल, तर विचारायला हरकत नाही.

आता एक मांडणी पूर्ण बघू. ज्यांची आहे त्यांनी सांगायला परवानगी दिली आहे. चोपडा तालुक्यातल्या एक ताई सुरतेला कपड्याच्या कारखान्यात शिलाईला आहेत. त्यांचा प्रश्न असा: सुरत सोडून गावी यावं का, आणि ब्लाऊज शिवायचं दुकान टाकावं का? आम्ही पाच पानं डावीकडून उजवीकडे मांडली: मागे काय सुटतंय, कशानं धरून ठेवलंय, हातात काय आहे, पुढे काय येतंय, आणि कशाकडे लक्ष द्यावं. निघाली ती अशी: कपाची अठ्ठी, नाण्यांची चौकी, नाण्यांची अठ्ठी, नाण्यांचा घोडेस्वार आणि हर्मिट, म्हणजे कंदील घेतलेला म्हातारा.

पहिल्यांदा रंग. पाचांतली तीन पानं नाण्यांची. म्हणजे ताईंनी प्रश्न "परत यावं का" असा मनाचा म्हणून विचारला असला, तरी मांडणी पैशाचं आणि कामाचं बोलतेय. आम्ही त्यांना तसंच विचारलं, की दुकानाच्या गाळ्याचं भाडं, मशीन, अनामत यांचा हिशेब मांडलाय का? त्या जरा गप्प झाल्या. हिशेब मांडला नव्हता. जास्त आलेला रंग पुष्कळदा असंच करतो. विचारलेला प्रश्न आणि आतला प्रश्न वेगळे असतील तर ते दाखवतो.

मग आकडा. दोन अठ्ठ्या. पाच पानांत जोडी येणं फार दुर्मीळ नाही, हे आत्ताच सांगितलं. तरी इथे ती घ्यावी वाटली, कारण दोन चित्रं समोरासमोर ठेवली की एकमेकांना उत्तर देतात. कपाच्या अठ्ठीत आठ पेले नीट रचून ठेवलेत, वरच्या ओळीत एक जागा रिकामी आहे, आणि लाल झगा घातलेला एक माणूस त्यांच्याकडे पाठ करून डोंगराकडे निघालाय. नाण्यांच्या अठ्ठीत एक कारागीर बाकावर बसून नाणं कोरतोय, आधी कोरलेली त्याच्याजवळ टांगलेली आहेत. म्हणजे एकीकडे आठ गोष्टी जमवून सोडून जाणं, दुसरीकडे एकामागून एक आठ गोष्टी करत बसणं. आठाचा आकडा आम्ही कसब आणि सराव यांच्याशी जोडतो. दोन्ही पानं एकत्र वाचली तर जागा सुटतेय पण हातातलं कसब सुटत नाही, ते बरोबर येतंय. नुसती कपाची अठ्ठी वाचली असती तर "तुम्ही सगळं सोडून जाताय" एवढंच हाती लागलं असतं.

आणि आता तोंडं. आमच्या मांडणीत डावीकडे झालेलं आणि उजवीकडे येणारं असतं, म्हणून माणूस कुठे बघतोय याला अर्थ येतो. पहिल्या पानातला माणूस पाठमोरा, त्याचा चेहराच आपल्याला दिसत नाही. दुसऱ्या पानातला सरळ आपल्याकडे बघतोय. डोक्यावर एक नाणं, छातीशी एक घट्ट धरलेलं, दोन पायांखाली. चारही नाणी वाचवायची तर त्याला हलताच येत नाही. ताई ते पान बघून म्हणाल्या, "ही माझी भिशी." साठवलेले पैसे मोडायची त्यांना भीती होती. तिसऱ्यातला कारागीर उजवीकडे तोंड करून, म्हणजे पुढच्या पानाकडे. चौथ्यातला घोडेस्वारही उजवीकडे, पण त्याचा काळा, दणकट घोडा जागीच उभा आहे आणि मागे नांगरलेलं वावर. आपल्याकडच्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही: नांगरट झाली, पण पेरणीला अजून वेळ आहे. पाचवा म्हातारा मात्र डावीकडे वळलेला, हातातला कंदील पुढे करून घोडेस्वाराकडे बघतोय. चौथं आणि पाचवं पान एकमेकांसमोर आली, असं क्वचित घडतं. आम्ही ते असं वाचलं: थांबून राहिलेल्या माणसाला उजेड दाखवणारं कुणी वडीलधारं समोर आहे, त्याच्याकडे आधी जा. ताईंना लगेच आठवलं, की गावात शिलाईकाम थांबवलेल्या एक मावशी आहेत आणि त्यांची गिऱ्हाइकं कुठे जातात हे त्यांना माहीत आहे. ही मावशी पानांत नव्हती. दोन चेहरे समोरासमोर दिसले म्हणून ताईंना ती आठवली. आमचं काम एवढंच असतं, आणि ते फार मोलाचं आहे असं आम्ही मानतो. दुकान चालेल का, कापसाला भाव काय येईल, दाव्याचा निकाल काय, दुखणं कशाचं, हे पानं सांगत नाहीत. तेवढ्यासाठी कुणी आलं तर आम्ही पैसे घेत नाही.

दिशा वाचताना होणारी एक मोठी चूक सांगायला हवी. पान उलटं आलं, म्हणजे डोकं खाली, की चित्रातल्या माणसाची दिशाही बदलते. उजवीकडे बघणारा घोडेस्वार उलटा झाला की डावीकडे बघू लागतो. ताईंच्या मांडणीत तो उलटा आला असता तर म्हाताऱ्याकडे त्याची पाठ झाली असती, आणि आम्ही "समोर वडीलधारं आहे, पण तुम्ही तिकडे वळत नाही" असं काहीतरी विचारलं असतं. पुस्तकात उलट्या पानाचे वेगळे अर्थ पाठ करायला सांगतात. आमच्या अनुभवात वळलेलं तोंड त्यापेक्षा जास्त सांगतं.

हीच गोष्ट बसण्याबाबत. टेबलापलीकडे समोर बसलेल्या माणसाला सगळी पानं उलटी दिसतात आणि उजवं-डावंही उलटं. म्हणून आम्ही तुम्हाला शेजारी बसायला बोलावतो. जागा लहान आहे, कोपर लागतं, तरी तसंच बसा.

मोठ्या पानांचं थोडक्यात. पाचांत एक, फार तर दोन मोठी पानं येणं नेहमीचं. तीन किंवा जास्त आली तर आम्ही रंग-आकड्यांचं गणित मागे ठेवतो, कारण तेव्हा साधी पानं इतकी कमी उरतात की त्यांची मोजणी करून काही हाती लागत नाही.

घरी स्वतः पानं मांडून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणाऱ्यांना विनंती: सेल्फीच्या कॅमेऱ्यानं फोटो काढू नका. बऱ्याच फोनमध्ये तो आरशासारखा उलटतो आणि सगळ्यांची तोंडं फिरतात. पाठवण्याआधी पानावरचं नाव किंवा आकडा सरळ वाचता येतोय का ते बघा. फोटो वरून, सगळी पानं एकाच चौकटीत मावतील असा घ्या, एकेका पानाचा वेगळा नको. आणि पहिलं पान कुठल्या टोकाला ठेवलं ते खाली लिहा.