टाकीच्या तोंडाशी कोण उभं आहे: हेल्पर की स्टँडबाय?

गळीत हंगाम संपला की मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांत आणि डिस्टिलऱ्यांत टाक्या साफ करायची कामं निघतात. टाकीत उतरायच्या परमिटवर स्टँडबाय म्हणून, म्हणजे बाहेर उभं राहून आतल्यांवर लक्ष ठेवणारा म्हणून, एकाचं नाव लिहिलेलं असतं. पण बऱ्याचदा तोच माणूस बादल्या ओढतो, पाना आणायला स्टोअरला जातो. तो गेला तेवढा वेळ टाकीवर स्टँडबाय नसतोच.

हेल्परचं लक्ष कामावर असतं, स्टँडबायचं आतल्या माणसांवर. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं हे तो लिहून ठेवतो आणि आतल्यांशी सतत बोलत राहतो. बदली माणूस आल्याशिवाय तो जागा सोडत नाही. शंका आली की साहेबाला न विचारता सगळ्यांना वर बोलावायचा अधिकार त्याला असतो, आणि तो त्याला आधीच स्पष्ट सांगितलेला हवा.

त्यासाठी त्याला गॅस मीटर समजला पाहिजे. आधी ऑक्सिजन बघायचा, मग पेट घेणारा वायू, शेवटी विषारी. कारण पेट घेणाऱ्या वायूचा नेहमीचा सेन्सर तो वायू जाळूनच मोजतो. ऑक्सिजन फार कमी असेल तर टाकी मिथेनने भरलेली असूनही तो आकडा कमी दाखवतो. तपासणी बाहेरूनच, नळी सोडून, वर, मध्ये आणि तळाशी करायची. मिथेन हलका असतो, विषारी हायड्रोजन सल्फाइड जड.

समजा, स्पेंट वॉशच्या, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या टाकीत सकाळी ऑक्सिजन २०.९ टक्के, एलईएल म्हणजे पेट घेणाऱ्या वायूचा आकडा शून्य, हायड्रोजन सल्फाइड २ पीपीएम आला. परमिटवर सही झाली. माणसांनी तळाचा गाळ फावड्याने हलवला आणि त्यात अडकलेला वायू सुटला. हायड्रोजन सल्फाइड ५०० पीपीएम झाला तरी तो हवेच्या फक्त ०.०५ टक्के, म्हणून ऑक्सिजनचा आकडा जवळपास तसाच राहतो. त्याआधीच, १०० पीपीएमच्या आसपास, नाक बधिर होतं. आतून कुणी म्हणालं, "आता वास येत नाही बघा," तर स्टँडबायने तिथेच ओरडायचं, "सगळे वर या!" म्हणूनच मीटर आतल्या माणसाच्या अंगावर चालू ठेवायचा. सकाळचा आकडा सकाळपुरताच.

एखादा कोसळला की हेल्पर मायेपोटी उडी मारतो, आणि तोच वायू त्यालाही आडवा करतो. स्टँडबाय उतरत नाही. तो बचाव पथकाला बोलावतो आणि ट्रायपॉडच्या विंचने, हार्नेसला बांधलेल्या दोरावर माणूस वर ओढतो. १९४८ च्या कारखाना कायद्यातही श्वसनयंत्र लावून उतरणाऱ्याच्या पट्ट्याला दोर बांधून त्याचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाने धरायचं, असं लिहिलं होतं.

टाकीत आडवे पाइप किंवा ढवळणी असेल तर मात्र दोर अडकतो. अशा वेळी श्वसनयंत्रासह बचाव पथक टाकीजवळ हजर नसेल, तर परमिटवर सहीच करायची नाही.