नमस्तेमधला ‘ते’ आणि नमस्कारातले हात

दादरच्या पुलावर ओळखीचं कुणी भेटलं की मराठी माणूस बहुधा ‘नमस्कार’ म्हणतो आणि हिंदी बोलणारा ‘नमस्ते’. दोन्ही शब्द संस्कृत ‘नम्’ या धातूपासून आले. त्याचा अर्थ वाकणं. नमणे, नम्र आणि प्रणाम हे शब्दही तिथलेच. पण व्याकरणात या दोघांची जात वेगळी आहे.

‘नमस्ते’ हे अख्खं वाक्य आहे: नमः + ते. हा ‘ते’ म्हणजे ‘तुभ्यम्’चं छोटं रूप, अर्थात ‘तुला’. ‘नमः’बरोबर चतुर्थी येते, म्हणूनच ‘नमः शिवाय’. या छोट्या ‘ते’ने वाक्य सुरू करता येत नाही, तो आधीच्या शब्दाला टेकूनच येतो. शिवाय तो एकवचनी आहे. सभागृहभर लोकांना उद्देशून काटेकोर संस्कृतात ‘नमो वः’ म्हणावं लागेल. आज मात्र नमस्ते हा एकजीव शब्द झालाय, त्यामुळे सभेत कुणी नमस्ते म्हटलं तर चूक काढू नये.

‘नमः म्हणजे न मम, माझं काही नाही’ ही फोड मात्र व्याकरणात बसत नाही. नमस् हा ‘नम्’ला ‘अस्’ प्रत्यय लागून झालेला एकच शब्द आहे. नमस्तेमध्ये ऐकू येणारा स् तोच. ‘न मम’मधून तो येणार कुठून?

‘नमस्कार’ हे नाम आहे: नमः आणि ‘कृ’पासून झालेला ‘कार’, म्हणजे नमण्याची क्रिया. म्हणून नमस्कार करता येतो, घालता येतो, सांगताही येतो. क-पुढे विसर्ग सहसा तसाच राहतो, जसा अंतःकरणात. नमस् आणि पुरस् यांच्यासाठी पाणिनीने वेगळं सूत्र दिलं, म्हणून नमस्कार आणि पुरस्कार.

ही क्रिया अंगाने कशी करायची, तेही लिहून ठेवलंय. भरताच्या नाट्यशास्त्रात बोटं सरळ ठेवलेले दोन्ही तळवे जुळवले की ‘अंजली’ होते. देवांसाठी ती डोक्याशी, गुरूंसाठी तोंडासमोर, मित्रांसाठी छातीशी धरायची. म्हणजे शब्द तोच ठेवून, समोर कोण आहे ते हातांच्या उंचीवरून कळतं. पुलावर भेटलेल्या मित्रापुढे हात कपाळापर्यंत नेले तर ते थट्टेसारखं वाटतं, ते यामुळेच.

साष्टांग नमस्काराची आठ अंगं मोजताना छाती, डोकं, हात, पाय, गुडघे यांच्याबरोबर दृष्टी, मन आणि वाणीही मोजतात. उच्चार हेही त्या नमस्काराचं एक अंगच. जमिनीवर पालथं पडून कुणी गप्प राहिला, किंवा नजर भलतीकडे ठेवली, तर या हिशेबाने एक अंग कमी पडलं. उलट पत्रात शरीर नसतं, तिथे सगळा भार शब्दावर येतो. जुन्या मराठी पत्राच्या माथ्यावरचं ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’. आठही अंगं तिथे एका ‘सा’मध्ये लिहून पाठवलेली असतात.