सोसायटीचा एकत्र गहू: यादी देण्याआधी हे वाचा

मार्च ते मे वर्षाचा गहू भरताना बऱ्याच सोसायट्या एकत्र मागणी देतात. १,००० किलोच्या पुढे आम्ही घाऊक भाव लावतो. सध्या सुटा गहू ४२ रुपये किलो असेल, तर घाऊक ३८ ने पडतो. भाव मात्र तीनच दिवस धरून ठेवता येतो, कारण बाजार आमच्या हातात नाही.

सगळा घोळ होतो तो किलोत लिहिलेल्या यादीमुळे. समजा १२ घरांची यादी आली, लोकवन ६२० किलो आणि सिहोर ४६० किलो. बेरीज १,०८०, म्हणजे ३० किलोचे बरोब्बर ३६ कट्टे, म्हणून सगळे खूश. पण ६२० ला २० कट्टे भरून २० किलो उरतात, ४६० ला १५ भरून १० किलो. त्यातही कुणाला ५० किलो हवे, कुणाला ४०, म्हणजे गेटवर कट्टे फोडून मापत बसायचं. टेम्पो तासभर अडकतो, गहू सांडतो, आणि शेवटच्या घराला दोन किलो कमी भरतात. म्हणून यादी वाणाप्रमाणे आणि पूर्ण कट्ट्यांतच द्या. अर्धा कट्टा हवा असेल त्याने त्याच वाणाचा जोडीदार शेजारीच आधी शोधावा.

“दहा-दहा किलोच्या पिशव्या करून द्या ना,” असं बरेच जण म्हणतात. २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशवीवर ५ टक्के जीएसटी लागतो, वर पिशवी आणि भराईचा खर्च. मग घाऊक भावाला अर्थ काय उरला?

आता वाटणी. टेम्पो आणि गेटपर्यंतची हमाली मिळून १,८०० रुपये झाले, तर ते घरटी वाटू नका. घरटी १५० येतात. एकच कट्टा घेणाऱ्या आजींना किलोमागे ५ रुपये पडले, म्हणजे भावात वाचलेले ४ गेले आणि वर एक रुपया तोटा. सहा कट्टेवाल्याला मात्र किलोमागे रुपयाही पडत नाही. हेच कट्ट्यामागे ५० रुपये धरले, तर सगळ्यांना किलोला साधारण पावणेदोन रुपये पडतात आणि सव्वादोनच्या वर वाचतात. लिफ्ट नसेल तर वरच्या मजल्याची हमाली ज्याची त्याने द्यावी. तळमजल्यावर तिचा बोजा नको.

पैसे मागणी देण्याआधीच गोळा करा. वरच्या हिशेबात तीन कट्टे गळले की ९९० किलो उरतात आणि घाऊक भाव सगळ्यांचाच जातो. तिथे आम्ही सूट देत नाही. वाईटपणा येतो, पण दिली तर पुढच्या सोसायटीला काय सांगणार?

यादी करणाऱ्याला आम्ही वेगळं काही देत नाही. बिल एकच, वाणागणिक भाव लिहिलेलं. ते नोटीस बोर्डावर लावा. माल उतरताना कोणतेही तीन कट्टे काट्यावर घाला, काटा आमच्या टेम्पोत असतो.

दोन्ही वाणांचा अर्धा-अर्धा किलो नमुना दुकानातून फुकट न्या, दळून पोळ्या करून बघा आणि मगच यादी फिरवा. कोठीत भरण्याआधी गव्हाला चोळायचं एरंडेलही आमच्याकडे मिळतं.