स्क्रीनशॉटमध्ये सूर येत नाही

मागे एकदा एका मैत्रिणीने मला एक स्क्रीनशॉट पाठवला. खाली तिचा प्रश्न होता, "याला नेमकं काय म्हणायचंय, सांग." ती आणि मेसेज पाठवणारा, दोघं एका हौशी नाटकात काम करतात. चित्रात त्याचे चार मेसेज होते. "आज तालमीत अगदी तयारीत आली होतीस!" त्याखाली "कोणासाठी?" आणि डोळा मारणारा इमोजी. मग "बोल ना." आणि शेवटी "घाबरलीस का?" पहिल्या मेसेजची वेळ रात्री 11:48, शेवटच्याची 12:06.

वाचल्या वाचल्या माझं मत तयार झालं: माणूस आगाऊ दिसतोय. मी तसं कळवलंही. त्यावर तिचं उत्तर आलं, "अगं, 'घाबरलीस का' हे नाटकातलं वाक्य आहे. संध्याकाळी मीच त्याला त्यावरून चिडवत होते." तिचं ते चिडवणं मला दिसलं नव्हतं, कारण ते चित्राच्या वरच्या कडेपलीकडे राहिलं होतं. तिला त्याचा राग आलेला नव्हता. तो खरंच काही सुचवतोय की गंमत करतोय, एवढंच तिला समजून घ्यायचं होतं. माझं मत मात्र बनून गेलं होतं आणि ते पुसायला नंतर बरेच दिवस लागले.

लाडिक, सूचक मेसेज असे तिसऱ्याच्या हातात पोचतात ते बहुतेक वेळा याच वाटेने, म्हणजे अर्थ लावायला कुणाची तरी मदत हवी असते म्हणून. त्यात दगाफटका असेलच असं नाही. त्यामुळे 'ती व्यक्ती भरवशाची आहे, ती कुणाला दाखवणार नाही' हा हिशेब इथे पुरा पडत नाही. भरवशाची माणसंही जवळच्या मैत्रिणीला विचारतात.

तंत्रज्ञान इथे फारसं मदतीला येत नाही. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन मेसेजचं रक्षण करतं ते वाटेत. तो समोरच्याच्या पडद्यावर उघडला की त्याचं काम संपलं. व्हॉट्सॲपवर साध्या संभाषणाचा स्क्रीनशॉट घेतला तर पाठवणाऱ्याला कळतही नाही. 'एकदाच पाहा' ही सोय 2021 मध्ये आली आणि तिथे स्क्रीनशॉट अडवण्याची घोषणा पुढच्या वर्षी झाली, पण समोर दुसरा फोन धरून फोटो काढणाऱ्याला कोणतंच ॲप थांबवू शकत नाही. मेसेज मागे घ्यावा, तर तिथे 'हा मेसेज हटवला' अशी खूण राहते. वाचणारा मग तिथे काय असेल याची कल्पना करू लागतो आणि ती कल्पना मूळ मेसेजपेक्षा बरी असण्याची शक्यता कमीच.

म्हणून विचार करायचा तो मेसेजच्या शब्दांचाच. पण आपले शब्द परक्याला कसे वाटतील हे आपल्याला स्वतःला दिसत का नाही? जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. काही वाक्यं सरळ अर्थाची, काही उपरोधिक. ती एकाने दुसऱ्याला कळवायची, कधी ईमेलने तर कधी आवाजात, आणि ऐकणाऱ्याने वा वाचणाऱ्याने उपरोध ओळखायचा. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की ईमेलमधूनही 78 टक्के वेळा ओळखता येईल. प्रत्यक्षात ओळखलं गेलं 56 टक्के वेळा. दोनच पर्याय असताना डोळे मिटून उत्तर दिलं तरी 50 टक्के बरोबर येतात, हे लक्षात घेतलं म्हणजे 56 किती थोडं आहे ते कळतं. आवाजात मात्र अंदाज आणि प्रत्यक्ष यांत फारसं अंतर पडलं नाही.

कारण असं की वाक्य टाइप करताना त्याचा सूर आपल्या डोक्यात वाजत असतो. आपल्याला तो इतका स्पष्ट ऐकू येतो की तो अक्षरांमध्ये उतरलेला नाही हे ध्यानातच येत नाही. मेसेज ज्याला लिहिला त्याला निदान आपला आवाज माहीत असतो, तो आठवून तो सूर लावून बघू शकतो. स्क्रीनशॉट पाहणाऱ्याला तेही शक्य नसतं. आणि वर इमोजी लावला की सूर पोचतोच असं नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांना 2016 मध्ये असं आढळलं की इमोजीचं अगदी तेच चित्र दोघांना दाखवलं, तरी ते आनंदी, तटस्थ की नकारात्मक यावर सुमारे 25 टक्के वेळा त्यांचं एकमत होत नाही. डोळा मारणारा इमोजी तर मला धोक्याचाच वाटतो. तो 'गंमत करतोय' असंही म्हणतो आणि 'कळलं ना मला काय म्हणायचंय' असंही, आणि यातलं काय घ्यायचं हे वाचणाऱ्यावर सोडतो.

क्रूगर यांच्याच प्रयोगमालेत एक उपाय दडलेला आहे. काही जणांना वाक्यं पाठवण्याआधी मुद्दाम उलट्या सुरात मोठ्याने म्हणायला लावलं: उपरोधाचं वाक्य गंभीरपणे, गंभीर वाक्य उपरोधाने. असं केलेल्यांचा फाजील आत्मविश्वास कमी झाला. डोक्यातला सूर तेवढ्यापुरता मोडला आणि वाक्य परक्याच्या कानाने ऐकू आलं. मेसेज पाठवण्याआधी हे अर्ध्या मिनिटात करता येतं. "घाबरलीस का?" हे एकदा खरोखर दरडावून म्हणून बघा. मला त्या रात्री तेच ऐकू आलं होतं.

यावर कुणी म्हणेल, मग सूचक बोलूच नये, जे आहे ते सरळ लिहावं. मला ते पटत नाही. सूचकतेला स्वतःचं काम आहे. स्टीव्हन पिंकर, मार्टिन नोवाक आणि जेम्स ली यांनी 2008 मध्ये आडवळणाच्या बोलण्यामागचं तर्कशास्त्र मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आडून बोललं की समोरच्याला हवं तर तो धागा पकडता येतो, नको असेल तर न कळल्यासारखं पुढे जाता येतं. दोघांनाही मनातून सगळं कळलेलं असतं, तरी ते उघड झालेलं नसल्यामुळे दोघांचं आधीचं नातं शाबूत राहतं. नाटकात रोज एकमेकांसमोर उभं राहायचं असेल तर ही सोय मोलाची आहे. सुरुवातीच्या ओळखीतला लाडिक मेसेज चालतो तो याच सोयीवर.

तिसरा वाचक आला की मात्र फरक पडतो. सूचक वाक्याला दोन अर्थ असतात आणि परका माणूस त्यातला सहसा अधिक ठळक, अधिक खमंग अर्थ उचलतो. त्याला दुसरा अर्थ निवडायचं काही कारणच नसतं. त्यामुळे माझ्या मते सभ्य लाडिक मेसेजची परीक्षा ही की त्याचे दोन्ही अर्थ चारचौघांत वाचता आले पाहिजेत. "मला तुझ्यासोबत वेळ घालवायला आवडतं" यातला उघड अर्थही चालतो आणि आतला अर्थही. "तयारीत आली होतीस, कोणासाठी?" यातला उघड अर्थ कौतुकाचा आहे, आतला मात्र तिच्या दिसण्याचा जाब विचारणारा.

आता तोच मेसेज त्याच्या जागी बसून लिहून बघू. त्याला सांगायचं होतं की ती त्याला आवडते आहे. तिच्या शरीराबद्दल किंवा हेतूबद्दल बोलण्याऐवजी त्याने स्वतःला काय झालं ते सांगावं. पहिला प्रयत्न: "आज दुसऱ्या प्रवेशात तू खिडकीशी थांबलीस आणि मी माझं वाक्य विसरलो." डोक्यातल्या सुरात हे गोड आहे. आता कुरकुरत्या आवाजात म्हणून बघा. लगेच तक्रार झाली: तू मध्येच थांबलीस म्हणून माझं चुकलं! म्हणजे पुढे आणखी काही हवं. "चूक माझीच. वाक्य पाठ होतं, लक्ष मात्र खिडकीकडे होतं." आता कुरकुरत्या, खवचट, कोरड्या, कुठल्याही आवाजात म्हटलं तरी दोष त्याच्याकडेच राहतो. आणि लक्ष 'खिडकीकडे' होतं. नाव न घेता जे म्हणायचं ते म्हटलं गेलं.

हे सगळं एकाच मेसेजमध्ये जायला हवं. आपल्याला एकेक वाक्य धाडण्याची सवय लागलेली आहे, पण स्क्रीनशॉट कापला जातो तो बहुधा दोन मेसेजच्या मधे. पहिलं वाक्य एकटं राहिलं तर तक्रार परत येईल.

शब्दांइतकीच बोलकी असते चित्रातली रिकामी जागा. मैत्रिणीच्या त्या स्क्रीनशॉटमध्ये डावीकडे त्याचे चार मेसेज होते आणि उजवी बाजू, तिची, कोरी होती. अठरा मिनिटांत चार, तेही मध्यरात्रीच्या सुमारास. मराठी न येणाऱ्यालाही त्यातला आग्रह दिसला असता. आणि "घाबरलीस का?" ने सूचकतेची ती सोयच काढून घेतली, कारण आता गप्प राहिलं तरी 'हो, घाबरले' असा अर्थ निघतो. एक सूचक वाक्य गेलं की थांबावं. उत्तर आलं नाही तर ते उत्तर आलं असं समजावं. शब्द कितीही निवडून वापरले तरी समोरच्याला नको असलेला चौथा मेसेज सभ्य होत नाही.

याला मर्यादाही आहेत. कुणी मधलीच ओळ कापून घेतली किंवा मजकूर बदलून खोटं चित्र बनवलं तर कितीही जपून लिहिलं तरी उपयोग नाही, आणि कुणाचं खासगी बोलणं चव्हाट्यावर मांडण्याचा दोष मांडणाऱ्याचाच असतो, लिहिणाऱ्याचा नाही. शिवाय वर्षानुवर्षं एकमेकांचे असलेले दोघं आपापसात काय लिहितात याला ही मापं लावायची गरज नाही. हे सगळं आहे ते 'तुम्ही'वरून नुकतंच 'तू'वर आलेल्यांसाठी, जिथे समोरच्याला अजून मैत्रिणीचं मत घ्यावंसं वाटतं.

खिडकीचा मेसेज तिला आला असता तर ती त्याला लिहू शकली असती, "उद्या पाठांतर करून ये हं." तो समजला असता, आणि दुसऱ्या दिवशी दोघं दुसरा प्रवेश नेहमीसारखा करू शकली असती. किंवा तिने लिहिलं असतं, "मग उद्याही मी तिथेच थांबू का?" यातलं कुठलंही उत्तर त्या मेसेजसकट माझ्याकडे आलं असतं, तरी त्या दोघांपैकी कुणाबद्दलही वाईट मत करून घ्यायला मला जागा उरली नसती.