'क्षत्रिय' शब्दात अक्षरं किती? ३, ५, ८ की २४?

वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवणाऱ्याला 'क्षत्रिय' किती चौकटींत बसेल हे विचारावं लागत नाही. क्ष, त्रि, य. तीन चौकटी. हाच शब्द पायथॉनसारख्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामला मोजायला दिला तर तो म्हणतो ८. फाइलमध्ये तो २४ बाइट जागा घेतो. आणि 'डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजतो' असं सांगणारं एखादं जुनं सॉफ्टवेअर ५ असं उत्तर देतं. गंमत म्हणजे यातलं एकही उत्तर चुकीचं नाही. प्रत्येकजण वेगळी गोष्ट मोजतोय. घोळ होतो तो एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कामाला लावल्यावर. ऑनलाइन फॉर्मवर 'कमाल २० अक्षरं' असं लिहिलेलं असतं, आणि विसापेक्षा कितीतरी कमी अक्षरांचं नाव तिथे 'फार मोठं' ठरतं, ते यामुळेच.

जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक म्हणजे युनिकोड. त्यात 'क्ष' नावाची एकच एक वस्तू नाही. आहे तो क (U+0915), त्याचा पाय मोडणारं हलन्त चिन्ह (U+094D) आणि ष (U+0937). या प्रत्येकाला कोड पॉइंट म्हणतात. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा देवनागरीची मांडणी भारताच्या इस्की मानकाच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतली गेली, आणि तिच्यात जोडाक्षरांना स्वतंत्र क्रमांक द्यायचे नाहीत हे आधीच ठरलेलं होतं. ते शहाणपणाचंच होतं. 'र्त्स्न्य' (कार्त्स्न्य आठवा) अशा प्रत्येक जोडणीला क्रमांक द्यायचा तर यादी संपली नसती. म्हणून साठवायचे ते घटक, आणि ते जोडून आकार काढायचं काम फॉन्टचं.

आता 'क्षत्रिय' सोलून पाहू: क, ्, ष, त, ्, र, ि, य. आठ कोड पॉइंट. नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक कोड पॉइंटला ३ बाइट लागतात, म्हणून २४. वेलांटीची जागाही बघण्यासारखी आहे. पडद्यावर ती 'त्र'च्या डावीकडे दिसते, पण साठवताना 'र'च्या नंतर येते, म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमाने. साठवणीचा क्रम आणि चित्राचा क्रम एक नाही, हे लक्षात ठेवलं की पुढच्या बहुतेक विचित्र गोष्टी उलगडतात.

```
s = "क्षत्रिय"
len(s)                   # 8
len(s.encode("utf-8"))   # 24
s[:5]                    # 'क्षत्'
s[6:]                    # 'िय'
s[::-1]                  # 'यिर्तष्क'
```

पहिले पाच कोड पॉइंट घेतले तर लंगडा त् हाती येतो. सहाव्यानंतर कापलं तर उरलेला तुकडा वेलांटीने सुरू होतो. तिला टेकायला व्यंजनच नसतं, म्हणून पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. असं वर्तुळ दिसलं की समजावं, कुणीतरी अक्षराच्या मधोमध कात्री चालवली आहे. शेवटच्या ओळीत शब्द उलटा केला आहे. हाताने उलटा केला तर 'यत्रिक्ष' यायला हवं. पण कोड पॉइंट उलटे झाल्यावर वेलांटी 'य'ला चिकटली, आणि 'त्र'मधला र हलन्तासह त च्या आधी गेल्याने त्याचा रफार झाला.

वर्तुळ किंवा लंगडं अक्षर निदान दिसतं तरी. खरा धोका न दिसणाऱ्या कापणीचा आहे. 'भारती'चे कोड पॉइंट पाच: भ, ा, र, त, ी. चारवर कापा, 'भारत' उरतो. भारतीबाईंचे भारतराव झाले, आणि कुठे काही तुटल्याची खूणही नाही.

(नावातल्या अक्षरांवरून नामांक काढणारे बहुधा इंग्रजी स्पेलिंग का धरतात, याचं एक कारण इथे मिळेल. मराठी नाव धरलं तर आधी तीन, पाच, आठ की चोवीस हे ठरवावं लागेल, आणि भाग्य चार वेळा बदलेल.)

राहिलं ते ५. माणसाला एक वाटणाऱ्या अक्षराला युनिकोडच्या परिभाषेत ग्राफीम क्लस्टर म्हणतात, आणि मजकुरात ते कुठे तुटतात याचे नियम ठरलेले आहेत. जुना नियम असा होता: काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी आधीच्या व्यंजनाला चिकटतात, पण पुढचं व्यंजन नेहमी नवा गट सुरू करतं. त्यामुळे क्, ष, त्, रि, य असे पाच गट पडत. हलन्तानंतरचं व्यंजन सरसकट जोडून का टाकलं नाही? कारण तमिळसारख्या लिपीत पाय मोडलेलं व्यंजन बहुतेक वेळा डोक्यावर टिंब घेऊन वेगळंच उभं असतं. तिथे पुढचं व्यंजन जोडणं चुकीचं ठरलं असतं. अखेर २०२३च्या युनिकोड १५.१ मध्ये GB9c नावाचा नियम आला. देवनागरी, बंगाली, गुजराती, तेलुगू अशा ठरावीक लिप्यांपुरतं त्याने सांगितलं की व्यंजन, हलन्त, व्यंजन हा क्रम आला तर मध्ये तोडू नका. आता क्ष, त्रि, य. तीन.

तुमचं साधन कोणता नियम पाळतं हे ओळखायचं तर त्याला 'क्षत्रिय'चे क्लस्टर मोजायला सांगा. ५ आले तर जुना, ३ आले तर नवा. पायथॉनच्या `regex` मॉड्यूलमध्ये `\X` आणि ब्राउझरमध्ये `Intl.Segmenter` हे काम करतात, पण दोन्हींचं उत्तर आवृत्तीवर ठरतं. जागेची मर्यादा बाइटमध्ये असेल तर मोजणीही बाइटमध्येच करावी. फक्त कापताना मागे सरकत जवळच्या क्लस्टरच्या सीमेवर यावं. २० बाइटची मर्यादा असेल तर 'क्षत्रिय'चे सहा कोड पॉइंट आणि सातव्याचे दोन बाइट येतात. ते दोन तर निरर्थकच, पण त्यांच्या आधीचा 'त्र'ही वेलांटीवाचून अपुरा, म्हणून मागे 'क्ष'पर्यंत यायचं. 'भारती' चारवर कापताना मात्र असं मागे येऊन 'भार' उरतो, तोही अर्थपूर्ण शब्दच. म्हणून कापलेल्या नावापुढे तीन टिंबं हवीतच.

नवा नियमही सगळं सोडवत नाही. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. ऱ हा एकच कोड पॉइंट म्हणून लिहिला तर शब्दात ७ होतात, र आणि खालचा नुक्ता असा लिहिला तर ८, आणि काही कीबोर्ड र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात, तेही ८. दिसायला तिन्ही सारखे. पहिले दोन युनिकोडच्या मते समान आहेत आणि नॉर्मलायझेशन केल्यावर, म्हणजे ठरलेल्या एकाच रूपात आणल्यावर, एक होतात. तिसरा होत नाही, म्हणून शोध घेताना तो निसटतो. क्लस्टर मात्र तिन्हींत तीनच.

वृत्तात लिहिणाऱ्यांनी तर या मोजणीवर विसंबूच नये. 'अर्थात्'चे क्लस्टर अ, र्था, त् असे तीन पडतात. गणवृत्तात अक्षर स्वरावर मोजतात, शेवटचा पाय मोडलेला त् धरत नाहीत. तिथे उत्तर दोन.