बफर पूलमधील पान-निष्कासन

डेटाबेस डिस्कवरची पाने मेमरीतल्या ज्या राखीव जागेत आणून ठेवतो, ती जागा म्हणजे बफर पूल. तो भरला की नव्या पानासाठी एखादे जुने पान काढावे लागते. ते कोणते, हे निष्कासन धोरण ठरवते. वापरात असलेल्या पानाला हात लावता येत नाही आणि बदललेले पान आधी डिस्कवर लिहावे लागते.

एलआरयू धोरणात सर्वांत जास्त काळ न वापरलेले पान बाहेर जाते. त्यासाठी प्रत्येक वाचनानंतर यादीतला क्रम बदलावा लागतो. एकाच वेळी अनेक प्रक्रिया वाचत असल्या की त्या यादीच्या कुलुपावर रांग लागते. ‘क्लॉक’ हा त्यावरचा स्वस्त तोडगा. पाने वर्तुळात मांडलेली मानायची आणि वापरलेल्या पानावर खूण करायची. फिरता काटा खूण दिसली तर ती पुसून पुढे जातो, न दिसली तर ते पान काढतो. पोस्टग्रेस खुणेऐवजी 0 ते 5 असा आकडा ठेवते (`usage_count`). वापर झाला की तो वाढतो, काटा वरून गेला की एकाने घटतो.

दोन्ही धोरणांचा आधार एकच: नुकतेच लागलेले पान लवकरच पुन्हा लागेल. मोठे टेबल सरळ वाचताना नेमका तोच खोटा ठरतो. पूलमध्ये 3 जागा आणि टेबल 4 पानांचे आहे असे समजा. पान 4 आणताना पान 1 जाते. टेबल पुन्हा वाचू लागलो की पहिल्यांदा पान 1 च हवे असते; ते आणताना 2 जाते, मग 2 आणताना 3. कितीही फेऱ्या मारा, एकही पान मेमरीत सापडत नाही. (अशा वेळी सर्वांत ताजे पान काढणेच शहाणपणाचे.) क्लॉकमध्येही सगळ्यांवर खूण असली की काटा पूर्ण फेरी मारून सगळ्या पुसतो आणि मग पाने आल्या क्रमाने जाऊ लागतात.

त्याहून मोठे नुकसान इतरांचे होते. पोस्टग्रेसचा मूळ `shared_buffers`, म्हणजे बफर पूलचा आकार, 128 एमबी, म्हणजे 8 केबीची 16,384 पाने. 1 जीबीचे टेबल 1,31,072 पानांचे, पूलच्या आठपट. ही सगळी पाने सामान्य रीतीने पूलमध्ये शिरली, तर दर सेकंदाला लागणारी पाने टिकतील, पण काही मिनिटांनी एकदा लागणारी इंडेक्सची पाने त्या लोंढ्यात वाहून जातील.

म्हणून 8.3 आवृत्तीपासून, पूलच्या चतुर्थांशाहून मोठे टेबल सरळ वाचताना पोस्टग्रेस जागांचे एक छोटे कडे वापरते आणि त्याच जागा पुन्हा पुन्हा भरते; 17 व्या आवृत्तीपर्यंत हे कडे 256 केबीचे, म्हणजे 32 पानांचे होते. मायएसक्यूएलचे इनोडीबी नवे पान एलआरयू यादीच्या सुरुवातीला न घालता, शेपटीकडच्या सुमारे 3/8 भागाच्या तोंडाशी घालते. तिथे एक सेकंद काढल्यावर पुन्हा वापर झाला, तरच त्याला बढती मिळते.

पोस्टग्रेसच्या कड्याला पळवाटा आहेत. मूळ मांडणीत 30 एमबीचे टेबल 32 एमबीच्या मर्यादेखाली राहते, म्हणून अख्खे पूलमध्ये शिरते. इंडेक्समार्गे जवळजवळ सगळे टेबल वाचणाऱ्या क्वेरीलाही कडे लागू होत नाही. रात्रीच्या रिपोर्टनंतर साध्या क्वेऱ्या मंदावल्या, तर `pg_buffercache` मध्ये कोणत्या टेबलाने किती जागा व्यापली ते पाहावे. `pg_stat_database` मधला `blks_read` वाढलेला दिसेल, पण त्यात ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमधून आलेली पानेही मोजली जातात.