पहिला पगार: अडीनडीचा पैसा आधी बाजूला

नेमणूकपत्रावरच्या वार्षिक आकड्याला बाराने भागून हिशेब मांडू नका. त्यात बहुतेक वेळा कंपनीने भरायचा पीएफही धरलेला असतो. तुमच्या वाट्याचा पीएफ आणि व्यवसाय कर कापून उरलेला पगारच खात्यात येतो. पहिला पगार तर अनेकदा अपुऱ्या महिन्याचा असतो, म्हणून पूर्ण महिन्याची पगार स्लिप हाती आली की मगच आकडे ठरवा.

समजा, चोपड्याचा मुलगा जळगावच्या एमआयडीसीत लागला आणि हातात 22,000 रुपये येतात. खोलीभाड्याचा वाटा 3,000, मेस 3,200, पेट्रोल 1,500, लाइट बिल आणि मोबाइल 800, घरी 4,500. न टळणारा खर्च झाला 13,000. घरी दिलेले पैसे यातच धरायचे, कारण नोकरी सुटली तरी घरचा किराणा थांबत नाही. अशा तीन महिन्यांचे 39,000 हा त्याचा आपत्कालीन निधी. दरमहा 4,000 टाकले तर दहा महिन्यांत तो उभा राहतो आणि वरखर्चाला 5,000 उरतात.

अखाजी, कानबाईचे रोट, उन्हाळ्यातली लग्नं यांसाठी निधीला हात लावू नका. हे खर्च आधीच माहीत असतात. त्यांचे 1,000 याच 5,000 मधून वेगळे काढा.

हे 4,000 हाताने वळवायचे ठरवले की तिसऱ्या महिन्यात राहून जातात. त्याच बँकेत आरडी खातं उघडा आणि पगार खात्यातून आपोआप कपातीची सूचना द्या. तारीख मात्र विचारपूर्वक निवडा. पगार 7 ला येत असेल तर कपात 10 ला ठेवा. कपातही 7 लाच ठेवली आणि त्या दिवशी रविवार किंवा बँकेची सुट्टी येऊन पगार पुढे सरकला, तर खात्यात पैसे नसतात आणि हप्ता चुकतो. काही बँका त्यावर दंडही लावतात. कपात झाली का, ते 11 ला पासबुकात किंवा बँकेच्या ॲपमध्ये पाहा.

आरडी पुरी झाली की 10,000 रुपये यूपीआयला न जोडलेल्या बचत खात्यात ठेवा. त्याचं एटीएम कार्ड मात्र जवळ ठेवा, रात्री दवाखान्यात ते लागतं. उरलेल्याच्या 10,000 च्या वेगवेगळ्या एफडी करा, म्हणजे गरजेपुरती एकच मोडता येते. मुदतीआधी मोडल्यास व्याज थोडं कमी मिळतं, मुद्दल शाबूत राहतं. पाच वर्षांची करबचत एफडी मात्र इथे नको, ती मधे मोडता येत नाही.

नोकरी बदलली की सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. पगार नव्या खात्यात जातो आणि कपातीची सूचना जुन्याच खात्यावर राहते. काही महिने पगार जमा झाला नाही की बँक ते खातं साधं बचत खातं करू शकते, आणि मग किमान शिलकीची अट लागू होऊ शकते. नवा पगार सुरू होताच जुनी सूचना रद्द करून नव्या खात्यावर द्या.

आकडे मांडायला मदत हवी असेल तर शेवटची पगार स्लिप आणि पासबुक घेऊन कार्यालयात या.